नजर सुनेची, मन दादांचे
"वाटणीच्या प्रसंगात चौघांच्याही मनातले सांगायचे आहे, पण निवेदन दर परिच्छेदाला एका डोक्यातून दुसऱ्यात उडी मारते."

नजर एकाच पात्राची ठेवून इतरांची मने त्याच्या अंदाजातून सांगावीत; मराठीत यासाठी ‘असावा’ हे रूप हाताशी आहे. माझ्या कथेत निवेदन धाकट्या सुनेकडे होते, त्यामुळे ‘दादांना विहिरीचा हिस्सा सोडवेना’ हे वाक्य तिला कळणे शक्य नसलेले सांगून जात होते, ते मी ‘दादांचे बोट नकाशावरच्या विहिरीवरून हलेना, तो हिस्सा त्यांना सोडवत नसावा’ असे केले, तेव्हा दादांचे मन दिसले आणि नजर सुनेचीच राहिली. मात्र ‘असावा’ पानात तीनदा आला की सून ज्योतिषी वाटू लागते, म्हणून सासूबाईंची केवळ कृती ठेवली: त्यांनी न विचारताच दादांपुढचा भरलेला कप उचलून नेला. शिवाय सुनेचा अंदाज पुढे चुकवला. दादांना विहीर नव्हे, तिच्या काठचा आंबा हवा होता.