मीटिंगमध्ये न ठरलेली नावं-तारखा मेलमध्ये आपण घालाव्यात का?

प्लॅनिंगवाली

चाकणला प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कंपनीत प्लॅनिंगला आहे. मीटिंग झाली की कोणी काय कधीपर्यंत करायचं याचा मेल मीच टाकते. साहेब म्हणतात, प्रत्येक ओळीपुढे नाव आणि तारीख पाहिजे म्हणजे पाहिजे. पण मीटिंगमध्ये निम्म्या गोष्टींना ना नाव असतं ना तारीख. मागच्या मेलमध्ये 'सायकल टाइम ३८ सेकंद – जोशी – ३० तारीख' असं गेलं, तर जोशींनी सगळ्यांना उत्तर टाकलं की मी फक्त ट्रायल घेऊन बघू म्हणालो होतो. आजच्या (मंगळवार, ९) साइड कव्हरच्या मीटिंगची टिपणं जशीच्या तशी देते, नावं तेवढी बदललीत. टूलरूम कदम बघतात, क्वालिटी शिंदे:

> टेक्श्चर पट्टा खराब, पूर्ण नको, तेवढाच – टूलरूम – १५
> पीपॅप १८ फिक्स!! कस्टमरला सांगितलंय
> गेज आर अँड आर बाकी – शिंदे
> रंगाची मास्टर प्लेट अजून नाही
> कार्टन ५ प्लाय फाटतंय, ७ करायचं? सुरेश बघतो
> सायकल टाइम ४२ → ३८, जोशी, नंतर

रिकाम्या जागा मी भरू की तशाच सोडू?

खडूस कारखानदार

भरा, बिनधास्त भरा. खाली एक ओळ टाका: 'उद्या दुपारी १२ पर्यंत हरकत आली नाही तर हे मान्य समजले जाईल.' ज्याला पटत नाही तो बोंबलेल, बाकीचे कामाला लागतील. जोशी चिडले म्हणता ना? उलट तुमचा मेल चालला. तो गेला नसता तर ३८ सेकंदांचं ते नक्की काय म्हणाले होते हे महिनाभर कुणाला कळलं नसतं. तारीख रिकामी सोडलीत की ते काम पुढच्या मीटिंगच्या टिपणांत पुन्हा दिसणार, लिहून घ्या.

सीएस मावशी

ताई, इतकी घाई कशाला? आमच्याकडे सचिवीय मानक एक प्रमाणे बैठकीनंतर १५ दिवसांत कच्चं इतिवृत्त संचालकांना पाठवतात, सूचना द्यायला त्यांना ७ दिवस, आणि ३० दिवसांच्या आत ते इतिवृत्त पुस्तकात नोंदवायचं. तोपर्यंत कुणाच्याही नावावर काही टाकू नये.

टूलरूम ते डिस्पॅच

मावशी, तुम्ही सांगताय ते संचालक मंडळाच्या बैठकीचं. इथे १८ तारखेला पीपॅप, म्हणजे कस्टमरच्या मंजुरीसाठीचे कागद, जायचेत, १५ दिवसांनी मेल आला तर तो वाचायला कस्टमर उरणार नाही.

प्लॅनिंगवाली ताई, मी बरीच वर्षं हेच काम केलंय म्हणून जरा लांबण लावतो. तुमच्या सहा ओळी एका जातीच्या नाहीत. टेक्श्चर फक्त पट्ट्यापुरतं दुरुस्त करायचं आणि १८ तारीख कायम, हे दोन निर्णय. कार्टनचं काहीच ठरलेलं नाही, नुसती शंका आहे. मास्टर प्लेट बाहेरून यायची आहे. सायकल टाइम आजच्या कामाचा नाहीच. सगळ्यांना एकाच तक्त्यात बसवून प्रत्येकापुढे नाव-तारीख घातली की 'बघू' म्हणालेला माणूस कबूल करून बसलेला दिसतो. जोशींचं तेच झालं.

आता तारखेचं. 'टूलरूम – १५' म्हणजे १५ ला काय? साचा बाहेर जाणार, परत येणार, की नव्या टेक्श्चरचे नग हातात पडणार? मीटिंगमधल्या प्रत्येकाने आपल्या सोयीचा अर्थ घेतलेला असतो. टेक्श्चरवाला भोसरीचा असेल तर कॅलेंडर काढा. बुधवारी १० ला साचा पोचला तरी गुरुवारी ११ ला भोसरीत सुट्टी. दुरुस्तीला तीन दिवस मागितले तर शुक्र, शनि, रवि. रविवारी तो तयार असेल, पण तुमची सुट्टी रविवारची असली तर गेटवर साचा उतरवून घ्यायला कोणी नाही. म्हणजे साचा सोमवारी १५ ला सकाळी येणार. ट्रायल मंगळवारी, मोजमाप बुधवारी, गुरुवारी १८ ला कागद जाणार. एक दिवससुद्धा शिल्लक नाही. आणि हे सगळं साचा उद्याच निघाला तर. टिपणातला १५ बरोबर आहे, पण त्याच्या आधीचा १० कुणीच लिहिलेला नाही. तारीख चुकणार असेल तर ती १५ ला चुकणार नाही, उद्या चुकेल, आणि कळेल मात्र १५ ला.

म्हणून कामाची ओळ अशी लिहायची की झालं की नाही ते तिसऱ्या माणसाला डोळ्यांनी दिसेल. 'टेक्श्चर दुरुस्ती – टूलरूम' नको. 'साचा भोसरीला रवाना, गेटपास नंबरसह – कदम – बुध १०, दुपारी ४' असं हवं. विभागाचं नाव घालू नका. टूलरूममध्ये माणसं बरीच असतात, 'टूलरूम' नावाचा माणूस एकही नसतो.

रिकाम्या जागा मनाने भरू नका, फोन करून भरा. दहा मिनिटांचं काम आहे. "कदमसाहेब, साचा उद्या चारपर्यंत निघेल असं लिहू का?" एवढंच विचारायचं. माणूस हो म्हणाला की तारीख त्याची झाली.

खडूस कारखानदार

दहा मिनिटं म्हणे! सहा जणांना फोन, त्यातले तीन शॉपवर, एक फोन उचलत नाही. तोवर दुसरा दिवस उजाडतो. मेल त्याच संध्याकाळी गेला तरच त्याला किंमत. माझी हरकतीची ओळ परवडली.

टूलरूम ते डिस्पॅच

हरकतीची ओळ घरातल्या कामांना चालते, तिथे मी तुमच्या बाजूने आहे. पण ७ प्लायचं काय? कार्टनची किंमत वाढते, बहुतेक ठिकाणी पॅकिंग बदललं की कस्टमरची मंजुरी लागते. सुरेश दुपारी बारापर्यंत गप्प राहिला म्हणून तो खर्च मंजूर झाला असं कोणत्या परचेसवाल्याला सांगणार? आणि मास्टर प्लेट ज्याच्याकडून यायची तो तुमच्या मेलमध्ये नाहीच, त्याने हरकत घ्यायची कशी?

खडूस कारखानदार

पैशाच्या ओळी वेगळ्या, मान्य. बाकीच्यांना माझी पद्धत लावा.

तिसरी पाळी

तुम्ही सगळे मेल मेल करताय. आमच्या शॉपवर सुपरवायझरला मेल आयडीच नाही. साहेबांच्या मेलमध्ये माझं नाव होतं हे मला चार दिवसांनी चहाच्या टपरीवर कळलं. तोवर मी 'विलंब' या रकान्यात लाल रंगात जाऊन बसलो होतो. ज्याचं नाव लिहिताय त्याला मेल पोचतो का ते आधी बघा.

प्लॅनिंगवाली

हे खरंच लक्षात आलं नव्हतं. कदमांना आयडी आहे, पण ते शॉपवर असतात आणि मेल दोन दिवसांनी उघडतात.

टूलरूम ते डिस्पॅच

मग त्यांच्या दोन ओळी प्रिंट काढून टूलरूमच्या फळ्यावर लावा. पूर्ण मेल नको, फक्त त्यांच्या.

आणि एक राहिलं. गेज आर अँड आर नव्या टेक्श्चरच्या नगांसाठी कशाला थांबवायचं? १० नग, ३ माणसं, प्रत्येकाने तीन-तीनदा मोजायचं, ९० नोंदी. त्यात गेज आणि मोजणारे तपासले जातात, टेक्श्चर नव्हे. मोजायची जागा त्या पट्ट्यावर नसेल तर आधीच्या ट्रायलचे नग चालतील, फक्त ते एकाच शॉटचे, एकसारखे नकोत. उद्या-परवा उरकलं तर बुधवार १७ फक्त मोजमापाला मोकळा राहतो. आकडा ३० टक्क्यांच्या वर गेला तर गेज दुरुस्त करायलाही वेळ मिळेल. १७ ला कळलं तर काय करणार?

प्लॅनिंगवाली

पण हे मीटिंगमध्ये कोणी बोललंच नाही. मी मेलमध्ये कसं घालू?

टूलरूम ते डिस्पॅच

घालू नका. शिंद्यांना फोन करून विचारा. ते हो म्हणाले तर त्यांनी दिलेली तारीख घाला. मेल लिहिणाऱ्याने नवा निर्णय आत सरकवायचा नाही, कितीही शहाणपणाचा असला तरी. पुढच्या वेळी तुमचा मेल कोणी डोळे झाकून मान्य करणार नाही.

प्लॅनिंगवाली

तीन फोन लागले, सुरेशचा लागला नाही. शिंदे म्हणाले जुने नग कपाटात आहेत, शुक्रवारपर्यंत करतो. मेल इंग्रजीत गेला, इथे मराठीत टाकते:

> विषय: साइड कव्हर, ९ तारखेची मीटिंग – साचा उद्या ४ पर्यंत निघणे आवश्यक (पीपॅप गुरु १८)
>
> ठरलं
> टेक्श्चर फक्त खराब पट्ट्यापुरतं दुरुस्त करायचं. पीपॅप १८ लाच.
>
> कामं
> साचा भोसरीला रवाना, गेटपास नंबर कळवणे – कदम – बुध १०, दुपारी ४
> गेज आर अँड आर, आधीच्या ट्रायलच्या नगांवर, अहवाल – शिंदे – शुक्र १२ (मीटिंगनंतर फोनवर ठरलं)
> साचा परत आत – कदम – सोम १५, सकाळी ११
> ट्रायल, नग क्वालिटीकडे – जोशी – मंगळ १६, पहिली पाळी
> मोजमापाचा अहवाल – शिंदे – बुध १७, संध्याकाळी ५
>
> ठरलेलं नाही
> कार्टन ५ की ७ प्लाय. सुरेश यांच्याशी बोलणं व्हायचं आहे. दर आल्यावर निर्णय कोण घेणार?
> मास्टर प्लेट कस्टमरकडून आलेली नाही. पाठपुरावा कोणाकडे?
>
> वरच्या 'कामं' भागात काही चुकलं असेल तर उद्या सकाळी ११ पर्यंत कळवा.

सायकल टाइम मुद्दाम वगळला, पुढच्या मीटिंगच्या यादीत टाकलाय.

खडूस कारखानदार

माझी ओळ घेतलीत, धन्यवाद. पण 'पाठपुरावा कोणाकडे?' असा प्रश्न सगळ्यांना विचारलात की उत्तर शून्य. मार्केटिंगचं नाव घालून मोकळं व्हायचं होतं. कस्टमरशी बोलणं त्यांचंच काम.

टूलरूम ते डिस्पॅच

मार्केटिंगला प्लेट म्हणजे काय ते ठाऊक नसतं. ते 'पाठवतो म्हणालेत' एवढंच आणून देतील. क्वालिटीवाला कस्टमरच्या क्वालिटीशी थेट बोलला तर प्लेट कुठे अडलीय ते कळतं. मी शिंद्यांचंच नाव सुचवलं असतं.

खडूस कारखानदार

शिंद्यांच्या नावावर आधीच दोन ओळी आहेत. तिसरी घातलीत तर १७ चा अहवाल बुडाला समजा.

तिसरी पाळी

प्लेट नाही आली तर रंग कशाशी ताडून बघणार? १८ तारीख 'ठरलं'मध्ये कशी काय?

प्लॅनिंगवाली

हेच आत्ता साहेबांना विचारलं. म्हणाले, कस्टमरला तारीख दिलीय, ती 'ठरलं'मध्येच राहू दे. प्लेटचं उत्तर अजून कुणाचंच नाही. कदमांनी मात्र गेटपासची वेळ साडेतीनची दिलीय.