प्रतिसाद: पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव बघा

>> नोकरीसाठी मागितलेलं शुल्क परत मिळणार असेल तर भरायला काय हरकत आहे?

‘परत मिळणार’ हेच तर आमिष असतं. माझ्या भाचीला घरबसल्या डेटा एंट्रीच्या कामाची मेल आली होती. नोंदणीचे १,८५० रुपये, म्हणे पहिल्या पगारात परत. पाठवणाऱ्याचं नाव मोठ्या कंपनीचं, पण Reply दाबल्यावर पत्ता उमटला साध्या gmail.com चा. मग त्यांचा यूपीआय आयडी अ‍ॅपमध्ये नुसता टाकून बघितला, पैसे न पाठवता. खातेदार म्हणून कुणा एका माणसाचं नाव आलं. (कंपनीसारखं नाव आलं असतं तरी भरू दिले नसते, तसं खातंही उघडता येतं.)

कुणी भरून बसलं असेल तर त्या भामट्यांशी वाद घालत बसू नका, आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तर ते गोठवता येतात.