तुकड्यातुकड्यांची झोप: तुमचं गणित कसं बसलं?

मनीषनगरहून, नवा बाप
बाळ पाच आठवड्यांचं आहे, दर अडीच-तीन तासांनी उठतं. रात्री तीनला त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताना अजनीकडून गाडीचा भोंगा ऐकू येतो, आणि या वेळी आणखी कोणीतरी जागं आहे याचा आधार वाटतो. दोन-दोन तासांचे तीन तुकडे मिळून सहा तास होतात. तरी दिवसभर डोकं जड का राहतं? कोणी काय केलं, नेमकं लिहा.

कोराडीहून, शिफ्ट ड्यूटीवाला
भाऊ, बेरीज करू नका. निदान चार तासांचा एक तुकडा सलग पाहिजे, आणि तो रोज एकाच वेळी. शरीराचं घड्याळ त्याच्यावर टिकून राहते. तुम्ही 9 ते 1 दुसऱ्या खोलीत झोपा, 12 चं पाजणं आईकडे. 1 नंतर बाळ तुमचं. 3 ला काढून ठेवलेलं दूध पाजा, म्हणजे तिलाही 1 ते 5 मिळते. पहाटे 5 ते 7 तुमचा दुसरा तुकडा.

सदरहून
एवढं कशाला? दुपारी वीस मिनिटांची डुलकी काढा, रात्रीची झोप भरून निघते.

कोराडीहून
डुलकीनं दोन-एक तास तरतरी येते, हे खरं. पण वीस मिनिटांत गाढ झोप फारशी लागत नाही, मग भरून काय निघणार? आणि डुलकी तासभर लांबली अन् गाढ झोपेतून उठलात, तर अर्धा तास तरी गाडीला किक मारू नका.

महालहून, आजी
बाळाला संध्याकाळी कोमट तेलानं मालिश करा. आमच्याकडे त्यानं नातू शांत झोपायचा.

धंतोलीहून, परिचारिका
आजी, प्रश्न बापाच्या झोपेचा आहे. पण बाळावरून आठवलं. या वयात बाळ झोपेतच कण्हतं, हातपाय झाडतं, तोंड वेडंवाकडं करतं. डोळे मिटलेले असतील तर मिनिटभर थांबा. लगेच उचललं की झोपलेलं बाळ जागं होतं आणि तुमचा तुकडा मोडतो.

दुधाचं मात्र सांभाळा. खोलीत 25 अंश असेल तर काढलेलं दूध चार तास टिकतं. मे महिन्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात तो हिशेब धरू नका. लगेच फ्रिजमध्ये, दारात नाही, आत मागे ठेवा. पाजताना वाटी गरम पाण्यात धरा. उष्टं उरलेलं दोन तासांनंतर टाकून द्या.

प्रतापनगरहून, आई
1 ते 5 कागदावर छान आहे. मला चार तासांत दूध दाटून येऊन गाठी झाल्या. शेवटी 3 ला मीच पाजू लागले. ढेकर, लंगोट, झोपवणं नवऱ्याकडे. माझं जागणं पाऊण तासावरून वीस मिनिटांवर आलं.

कोराडीहून
मग तिचे सलग चार तास कुठून आणायचे?

प्रतापनगरहून, आई
ते अजून जमलेलं नाही.

धंतोलीहून, परिचारिका
झोपण्याआधी थोडं दूध काढून बघा. काहींना चालतं, काहींना नाही. गाठ दुखू लागली, ताप आला तर दाखवून घ्या. आणि बाबा, 3 च्या फेरीत सोफ्यावर टेकू नका. डोळे मिटू लागले की बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, रडलं तरी चालेल.