जिनी की गिनी? गुणांक की निर्देशांक?

मुक्ता: अर्थशास्त्रावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. उत्पन्नातली विषमता सांगणारा तो आकडा वर्तमानपत्रांत कधी ‘गिनी गुणांक’ म्हणून येतो, तर कधी ‘जिनी निर्देशांक’ म्हणून. दोन्ही एकच ना? मी कुठलं लिहू?

विनय: सोन्याच्या गिनीवरून आलं असणार. आमच्या आजीकडे दोन गिन्या होत्या, वाटणीत दोन्ही थोरल्या काकांकडे गेल्या. विषमता म्हणतात ती हीच!

श्रीधर: विनय, तुमच्या काकांचं सोडा. कोर्रादो जिनी हा इटलीचा संख्याशास्त्रज्ञ. इटालियनमध्ये ‘gi’चा उच्चार ‘जि’ होतो, म्हणून ‘जिनी’च. नाण्याशी किंवा आफ्रिकेतल्या देशाशी त्याचा संबंध नाही. त्याने हे माप 1912 मध्ये मांडलं. ज्या वक्रावरून आपण ते शिकतो, म्हणजे गरिबापासून मोजत गेलं की किती लोकांकडे मिळून एकूण उत्पन्नाचा किती वाटा येतो ते दाखवणारा, तो त्याआधी 1905 मध्ये मॅक्स लॉरेन्झ या अमेरिकन माणसाने काढला होता.

सुजाता: पण गुणांक आणि निर्देशांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागतिक बँक निर्देशांक देते, पाठ्यपुस्तकात गुणांक असतो.

श्रीधर: अर्धं बरोबर. माप एकच, पट्टी वेगळी. 0 ते 1 मध्ये सांगितलं की बहुधा गुणांक म्हणतात आणि त्यालाच 100 ने गुणलं की निर्देशांक. म्हणजे 0.40 आणि 40 एकच. मुक्ताताई, लेखात आकडा कसा आलाय ते बघा आणि शब्द त्यावरून ठरवा.

राहुल: मी हे एक्सेलमध्ये करून पाहिलं. वर्कशॉपमधल्या पाच जणांचे पगार हजारांत 10, 20, 30, 40 आणि 100. आधी हजेरीपटाच्या क्रमाने घातले, तर वक्र समान वाटणीच्या तिरक्या रेषेच्या वरच गेला! मग चढत्या क्रमाने लावले. आता दोन रेषांमधलं क्षेत्रफळ 0.20 येतंय. म्हणजे जिनी 0.20, बरोबर?

श्रीधर: नाही. वक्र रेषेच्या वर गेला की क्रम चुकलाय, हे ओळखलंत ते छान. आता पुढचं बघू. एकूण पगार 200. गरिबापासून बेरीज करत गेलं की वाटा 5, 15, 30, 50 आणि 100 टक्के होतो. हे बिंदू जोडले की प्रत्येक पट्टी 0.2 रुंदीचा समलंब चौकोन होतो (पहिली नुसता त्रिकोण). सगळ्या पट्ट्या मिळून वक्राखालचं क्षेत्रफळ 0.30. सगळ्यांना सारखा पगार असता तर तिरक्या रेषेखाली 0.50 आलं असतं. मधली फट 0.20, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण जिनी म्हणजे ही फट त्या 0.50 च्या किती पट आहे ते. 0.20 भागिले 0.50, म्हणजे 0.40. लोक हा भागाकारच विसरतात.

मुक्ता: त्या फटीला मराठीत काय म्हणू? ‘दोन वक्रांमधील क्षेत्र’ फार कोरडं वाटतं.

राहुल: तारेला झोल पडतो तसंच दिसतं ते. ‘झोल’ म्हणा.

सुजाता: मुंबईत ‘झोल’ म्हणजे घोटाळा! वाचक भलताच अर्थ घेतील.

श्रीधर: मला तर झोल आवडला. पण एक सांगतो, झोल किती आहे एवढंच कळतं, तो कुठे पडलाय ते कळत नाही. राहुल, पगार 0, 10, 50, 70, 70 असे घेऊन बघा. म्हणजे एक बिनपगारी शिकाऊ आणि वरचे दोघे सारखे. एकूण तेच 200, आणि जिनीही पुन्हा 0.40! तुमच्याकडे वरचा एकटाच अर्धा पगार नेतो, इथे तळाच्या दोघांना मिळून जेमतेम 5 टक्के मिळतात.

राहुल: करून पाहिलं. खरंच 0.40.

सुजाता: मग भारताचा निर्देशांक 25.5, म्हणजे आपल्याकडे विषमता कमी, हे जे सांगतात ते?

श्रीधर: तो 2022-23 चा, आणि कुटुंबांच्या खर्चावरून काढलेला आहे. जागतिक बँकेच्याच टिपणात 2011-12 चा 28.8 दिलाय, आणि दुसऱ्या एका विदासंचातून उत्पन्नावर काढलेला 2023 चा आकडा 62. श्रीमंत माणूस कमाई वाढली म्हणून त्याच प्रमाणात खर्च वाढवत नाही, बरंचसं शिल्लक टाकतो. म्हणून खर्चाचा झोल लहान दिसतो. अनुवादात ‘उत्पन्नाचा’ की ‘उपभोग खर्चाचा’ हे विशेषण गाळू नका. माझ्या मते गुणांक-निर्देशांकापेक्षा त्याच शब्दाने वाचकाची जास्त फसगत होते.

विनय: आणि त्या दोन गिन्यांचा जिनी? काकांना दोन्ही, माझ्या वडिलांना शून्य.

श्रीधर: 0.50. माणसं दोनच असली की एकाने सगळं नेलं तरी आकडा त्यापुढे जात नाही. पाच असती तर 0.80 पर्यंत गेला असता.

विनय: म्हणजे काका कागदावर अर्धेच दोषी!

मुक्ता: ‘जिनी गुणांक’ लिहितेय, ‘उत्पन्नाचा’सकट. झोलाचं मात्र संपादकांना विचारावं लागेल.

सुजाता: माझं मत ‘फट’ला.