‘चाळण’ म्हणजे चाळणीवर राहिलेलं की खाली पडलेलं?

कोयनाकाठ: कराडजवळच्या एका कामासाठी क्रश सँडच्या चाळणी चाचणीचा अहवाल मराठीत करून द्यायचा होता. ‘रिटेन्ड’च्या रकान्याला मी ‘चाळण’ असं नाव दिलं, कारण पीठ चाळल्यावर वर उरतं ती चाळण असंच आमच्या घरी म्हणतात. साइटवरच्या सुपरवायझरनी ते नेमकं उलट वाचलं. त्यांच्या मते चाळून खाली आलेली ती चाळण. प्रत्येक चाळणीवर राहिलेल्या वजनाचे आकडे असे आहेत, ५०० ग्रॅम वाळलेल्या नमुन्याचे:

४.७५ मिमी: २० ग्रॅम
२.३६ मिमी: ७५
१.१८ मिमी: ११०
६०० मायक्रॉन: ८०
३०० मायक्रॉन: ९०
१५० मायक्रॉन: ६०
तळातली थाळी: ६४

तर योग्य शब्द कोणता? आणि ‘क्युम्युलेटिव्ह’ला ‘एकत्रित’ बरं की ‘संचयी’?

मिरजवाली: चाळण म्हणजे चाळणीच हो. ‘रस्त्याची चाळण झाली’ असं पेपरात रोज छापून येतं, तिथे कोंडा कुठून आला? वर उरतो त्याला आमच्याकडे चाळ म्हणतात. आई ओरडायची, चाळ टाकू नकोस, गाईला घाल.

शब्दवेल्हाळ: मूळ संस्कृत चालनी. त्यामुळे ‘चालनी-अवशेष’ हा शब्द निर्दोष आहे. संचयी अवशेष-प्रतिशत. अडचण काय?

मिरजवाली: अडचण ही की सुपरवायझर पळून जाईल.

जुना ओव्हरसिअर: शब्दाचं नंतर बघू. कोयनाकाठ, त्या सुपरवायझरांनी उलट वाचूनसुद्धा वाळू पास केली असणार, बरोबर? वरून खाली बेरीज करत या. राहिलेल्याची टक्केवारी ४, १९, ४१, ५७, ७५, ८७ अशी येते. १०० मधून वजा केलं की खाली गेलेली ९६, ८१, ५९, ४३, २५, १३. आय.एस. ३८३ या भारतीय मानकात भरड-बारीकपणावरून वाळूचे झोन केलेत, त्यातल्या झोन दोनसाठी ६०० मायक्रॉनमधून ३५ ते ५९ टक्के जायला हवी. खरा आकडा ४३, तो बसतो. उलट वाचला तर ५७, तोही बसतो! साइटवर सगळे ६०० चीच ओळ बघून झोन सांगतात, म्हणून ही उलटापालट कुणाच्या लक्षात येत नाही. वरची ओळ बघितली की लगेच कळतं. ४.७५ मधून चारच टक्के गेली म्हणजे ती वाळू नव्हे, खडी झाली.

कोयनाकाठ: हो साहेब, अगदी तसंच झालं. पण १५० मधून १३ टक्के हे जास्त नाही का? झोन दोनला मर्यादा १० ची आहे.

जुना ओव्हरसिअर: ती नदीच्या वाळूला. दगड फोडून केलेल्या वाळूला तिथे २० पर्यंत सवलत आहे. आपल्या काळ्या दगडाच्या क्रश सँडमध्ये डस्ट असणारच.

आलेखवेडा: मी तर म्हणतो रकान्यालाच नाव नको, आलेख काढून द्या. आडव्या अक्षावर चाळणीचा आकार, उभ्यावर टक्के. राहिलेल्याची रेघ आणि गेलेल्याची रेघ ५० टक्क्यांवर एकमेकींना छेदतात, त्यामुळे मधला आकार दोन्हींत एकच येतो. इथे ५९ आणि ४३ च्या मधे, म्हणजे ०.८५ मिमी.

जुना ओव्हरसिअर: छेदतात हे खरं, पण ०.८५ तुम्ही साध्या पट्टीवर काढलंत. या संचात प्रत्येक चाळणी वरच्या चाळणीच्या साधारण निम्मी असते, म्हणून आडवा अक्ष लॉगचा घेतात. मग सगळ्या चाळण्या सारख्या अंतरावर येतात. साध्या कागदावर ६००, ३०० आणि १५० डाव्या कोपऱ्यात चेंगरतात आणि बारीक वाळूचं काहीच दिसत नाही. लॉगवर काढलंत तर मधला आकार ०.८ च्या आसपास येईल. आणि नाव नसलेला आलेखही लोक उलटा वाचतात, मी पाहिलंय.

हळदवाला सांगली: आमचा हळद पावडरीचा धंदा आहे. गिऱ्हाईक ‘शंभर नंबरची चाळण’ मागतं. म्हणजे १०० मायक्रॉन का?

जुना ओव्हरसिअर: नाही. शंभर नंबर म्हणजे एका इंचात शंभर भोकं. तारेची जाडी वजा जाता भोक साधारण १५० मायक्रॉनचं उरतं. नंबर वाढला की भोक लहान होतं, मायक्रॉन वाढले की मोठं.

मिरजवाली: बघा! गिऱ्हाईकसुद्धा जाळीलाच चाळण म्हणतं.

शब्दवेल्हाळ: गिऱ्हाईक मागतं ती चाळलेली पावडर, ताई. जाळी घेऊन ते काय करणार? म्हणजे सुपरवायझरचाच अर्थ खरा ठरतो.

कोयनाकाठ: आता एक वेगळाच घोळ. लॅबवाला म्हणाला, दहा मिनिटं मशीनवर हलवलं की झालं. पण मी ३०० ची चाळणी सुटी करून सहज हाताने हलवली तर कागदावर अजून पडतच होतं.

जुना ओव्हरसिअर: किती पडलं ते मोजलंत का? चाळणीला झाकण आणि तळाला थाळी लावून मिनिटभर हाताने चाळायचं. त्या चाळणीवरच्या मालाच्या एक टक्क्याहून कमी पडलं तर चाळणं पुरं झालं. तुमच्या ९० ग्रॅमला ही हद्द ०.९ ग्रॅमची.

कोयनाकाठ: मोजलं होतं, ४ ग्रॅम पडलं.

जुना ओव्हरसिअर: म्हणजे कच्चं चाळलंय. घड्याळाला दोष देऊ नका, आधी भार बघा. चाळणी २० सेंमीची असेल तर ३०० मायक्रॉनवर ९० ग्रॅम फार होतात. दाण्यांचा थर जाड झाला की वरचे दाणे जाळीपर्यंत पोचतच नाहीत, वरच्या वर नाचत राहतात. नमुन्याचे दोन वाटे करून वेगवेगळे चाळा आणि वजनं मिळवा. ते ४ ग्रॅम खाली गेले की ३०० वरचा ७५ टक्के ७४.२ होईल. आकडा छोटा आहे, पण चूक नेहमी एकाच बाजूला जाते. वाळू आहे त्यापेक्षा भरड दिसते.

आलेखवेडा: मग अर्धा तास हलवा की. जितकं जास्त तितकं अचूक.

जुना ओव्हरसिअर: तसं होत नाही. क्रश सँडचे दाणे चपटे आणि लांबट असतात. हलवत राहिलात तर उभे होऊन कधी ना कधी भोकातून निसटतात. शिवाय कडा झिजतात आणि डस्ट नव्याने तयार होते. म्हणूनच तो एक टक्क्याचा थांबा ठेवलाय. नदीच्या गोल वाळूला एवढा त्रास नसतो.

हळदवाला सांगली: आमच्याकडे तर उलटंच होतं. जास्त हलवलं की पावडरीच्या गोळ्या होतात आणि जाळी बुजते. पावसाळ्यात फारच. पोरं मग चाळणीला थापा मारतात.

जुना ओव्हरसिअर: थापांनी जाळी सैल होते आणि भोकं वाकडी होतात. जाळी खालून मऊ ब्रशने हलकी झाडा. हळदीत तेल असतं, शिवाय दमट हवेत पूड एकमेकीला चिकटते. थोडी थोडी टाका आणि चाळायच्या आधी कोरडी करून घ्या. वाळू आम्ही १०५-११० अंशांवर वाळवतो, तसलं हळदीवर करू नका, वास जाईल.

शब्दवेल्हाळ: ‘बुजणे’ हा शब्द किती नेमका आहे! इंग्रजीत त्याला ‘ब्लाइंडिंग’ म्हणतात, ‘आंधळी चाळणी’ असं करायचा मोह कुणाला होऊ नये म्हणून सांगतो.

मिरजवाली: आमच्या पाथरवटांच्या आळीत आंधळी चाळणीच म्हणतात.

शब्दवेल्हाळ: पाथरवट चाळतात काय?

मिरजवाली: बारीक गिट्टी. नक्की विचारून सांगते.

कोयनाकाठ: साहेब, दोन वाट्यांत पुन्हा चाळलं. सगळ्यांची बेरीज ४९७ आली, आधी ४९९ होती.

जुना ओव्हरसिअर: ३ ग्रॅम म्हणजे ०.६ टक्के गेले. ०.३ च्या वर घट गेली तर ती चाचणी धरू नये. जाळीत अडकलेले दाणे ब्रशने काढून त्याच चाळणीच्या वजनात घेतलेत का? आणि काटा किती दशांशाचा आहे?

कोयनाकाठ: काटा एक ग्रॅमचा आहे.

जुना ओव्हरसिअर: मग ०.९ ची हद्द त्यावर कशी दिसणार? आधी काटा बदला.