यूट्यूबवर वॉच टाइम कमी का दिसतो, अन् पैसे किती येतात

"अॅनालिटिक्समध्ये ४२०० तास दाखवतंय, पण अर्न टॅबमध्ये २६०० च. असं का? आणि कमाई चालू झाल्यावर महिन्याला किती येतील?"

भाऊ, फरक बहुतेक शॉर्ट्सचा असेल, शॉर्ट्स फीडमधला वॉच टाइम जाहिरातीच्या कमाईसाठी लागणाऱ्या ४००० तासांमध्ये धरतच नाहीत, अन् पैसे देऊन जाहिरातीतून आणलेले तास किंवा प्रायव्हेट केलेले व्हिडिओ पण नाही, म्हणून तुमचे जुने सावजीचे व्हिडिओ लपवू नका. मोजणी मागच्या १२ महिन्यांची, पुढे सरकत राहते, जुने तास गळतात.

कमाईचं म्हणाल तर लोक सरासरी ३ मिनिटं बघत असतील तर ४००० तास म्हणजे ८०,००० व्ह्यूज, आरपीएम म्हणजे हजार व्ह्यूजमागे मिळणारे पैसे, ते समजा ४० रुपये धरले (त्यात यूट्यूबचा वाटा आधीच वजा असतो) तर अख्ख्या वर्षाचे ३२०० झाले, महिन्याचे पावणेतीनशेही नाही. वरून १०० डॉलर जमल्याशिवाय बँकेत काही येत नाही, तर कॅमेऱ्याचा हप्ता याच्या भरवशावर नका काढू बा.