तळ म्हणजेच सावली?

झेडभक्त: ट्रिपल इंटिग्रलमध्ये टेट्राहेड्रॉन आला की लोक प्रोजेक्शनचा उगाच बाऊ करतात. z = 0 वरचा तळ घ्या, वरचं प्रतल बघा, z च्या लिमिट्स लावा, विषय संपला. पंधरा वर्षं क्लास घेतोय, कधी अडलं नाही.

जुना मास्तर: अडलं नाही, कारण तुमचे सगळे टेट्राहेड्रॉन अक्षांच्या कोपऱ्यात शहाण्यासारखे बसलेले असतात. हा घ्या: O(0,0,0), A(1,0,0), B(0,1,0), D(1,1,1). तळ OAB त्रिकोण आहे, पण D ची सावली (1,1) वर, म्हणजे तळाच्या बाहेर पडते. खालच्या प्रतलावर सावली होते अख्खा चौरस. आता z ची काठी उभी करा. खाली कुठे z = 0 लागतं, कुठे z = x+y−1. वर कुठे z = x, कुठे z = y. चौरसाच्या दोन्ही कर्णांवर प्रतल बदलतं, म्हणून चार तुकडे. तळालाच सावली समजून वर x किंवा y, जे लहान ते घेतलंत, तर घनफळ 1/12 येईल. बरोब्बर निम्मं गायब.

झेडभक्त: मी x, y वर थांबलोच नाही. तिरकं प्रतल ABD घेतलं, तळावर z = 0 ते x+y−1. उत्तर −1/6. घनफळ उणे नसतं, चिन्ह सोडलं, 1/6. तुमचंही तेवढंच ना? मग?

एम-टू पीडित: चिन्ह सोडायची मुभा आहे तुम्हाला! मी परीक्षेत असल्याच गणितात y आधी घेतला होता. उत्तर बरोबर, तरी ६ पैकी २. तपासणाऱ्याच्या कागदावर dz आधी होतं म्हणे. रीचेकिंगला पैसे भरले, त्यातून काही निघालं नाही.

पेपरवाला: एका बाजूची गोष्ट सांगू नका. मी पेपर तपासतो. सावली न काढता लिमिट्स लिहिणाऱ्याला मी पण कापतो. उत्तर शेजारच्या बाकावरूनही येतं.

एम-टू पीडित: सावली काढली होती हो! xz वर काढली होती. तुम्हाला मान तिकडे वळवायचा कंटाळा.

पेपरवाला: एका दिवसात किती गठ्ठे येतात ते येऊन बघा, मग मानेबद्दल बोला.

जुना मास्तर: तुमचं भांडण चालू द्या, पण पोराचं बरोबर होतं. याच आकृतीत OB कड y अक्षावर आहे. y च्या दिशेने बघितलं तर O आणि B एकाच ठिपक्यात मिटतात, सावली उरते 0 ≤ z ≤ x ≤ 1 एवढा त्रिकोण. काठी y = z ला शिरते, y = 1+z−x ला बाहेर पडते. लांबी 1−x. एकच तुकडा, x(1−x) चं इंटिग्रल, 1/6. अक्षाला समांतर कड असेल तर त्या दिशेने आधी जायचं. भिंतीसारखा उभा फलक असेल आणि समांतर कड नसेल तर दोन तुकडे. चौथा बिंदू सावलीच्या पोटात पडला तर तीन.

आणि झेडभक्त, तुमचं 1/6 योगायोगाचं आहे. तळावर x+y−1 उणे असतो, म्हणजे तुम्ही मोजलात तो O, A, B आणि (0,0,−1) यांचा, जमिनीखालचा टेट्राहेड्रॉन. तळ तोच, उंची 1, म्हणून घनफळ जुळलं. आता त्याच लिमिट्सनी x चं इंटिग्रल काढा.

झेडभक्त: z चं काढलं. 1/24. खरं उत्तरही 1/24. आता बोला.

जुना मास्तर: x म्हटलं होतं.

झेडभक्त: ...−1/24.

जुना मास्तर: हवं 1/12. गुरुत्वमध्याचा x 1/2 आहे, गुणिले 1/6.

डिरिक्लेप्रेमी: एवढी पायपीट कशाला? डिरिक्ले लावा, दोन ओळींत उत्तर.

पेपरवाला: तो कोपऱ्यातल्याला लागतो. इथे D तिरका आहे.

डिरिक्लेप्रेमी: मग सरळ करा! x = u+w, y = v+w, z = w. जेकोबियन 1. A, B, D जातात u, v, w अक्षांवर. x चं इंटिग्रल म्हणजे u चं 1/24 अधिक w चं 1/24. सावलीही नको, काठीही नको.

जुना मास्तर: हे मात्र चोख आहे. पण इंटिग्रँड sin(xy) असला की u, v, w मध्ये त्याचं कडबोळं होतं, तेव्हा काय कराल?

डिरिक्लेप्रेमी: तेव्हा तुमच्या चार तुकड्यांतही तेच कडबोळं चार वेळा होईल.

झेडभक्त: ठीक आहे, तळ नेहमी सावली नसतो. पण परीक्षेला असला D कोण देतो?

एम-टू पीडित: आम्हाला दिला होता.